किळस आली म्हणजे ते चूकच का? एका पेल्यावरून पडलेला प्रश्न

सुनंदा_जुळेसोलापूर | सोमवार, दुपारी २:१०

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस वाचते आहे, लिहिते पहिल्यांदाच. प्रश्न घरातला आहे, पण चार दिवस डोक्यातून जात नाही.

आमच्या गल्लीत घंटागाडीबरोबर एक मावशी येतात. पन्नाशीच्या असतील. उन्हाळ्यात दारात थांबून पाणी मागतात. सासूबाईंनी त्यांच्यासाठी एक स्टीलचा पेला वेगळा ठेवलाय, जिन्याखाली मीटरच्या पेटीवर. मी लग्न होऊन या घरात आले त्याला बावीस वर्षं झाली, पेला तेव्हापासून तिथंच आहे. मला ते कधी पटलं नाही. पण उचलून आत आणावा, असंही कधी केलं नाही.

गुरुवारी तो पेला सापडेना. मी मांडणीवरचा दिला. मावशींनी आधी आमच्या नळावर साबणानं हात धुतले. त्या वरून प्यायला लागल्या, तर मीच म्हटलं, लावा की तोंड. त्या प्यायल्या, पेला विसळून पालथा घातला आणि गेल्या. मी तो घासला. पुन्हा घासला. मग त्यात उकळतं पाणी ओतलं. आणि इतकं करून संध्याकाळी ह्यांना पाणी द्यायच्या वेळी माझा हात त्या पेल्याकडे गेला नाही. पोटात कसंतरीच झालं.

त्याच रात्री मुलीनं कॉलेजात चर्चेला दिलेली एक गोष्ट सांगितली. एका कुटुंबाचा पाळलेला कुत्रा घरासमोर गाडीखाली सापडून मेला. त्यांनी ऐकलं होतं की कुत्र्याचं मांस चवीला चांगलं असतं. त्यांनी तो कापला, शिजवला आणि खाल्ला. कुणी पाहिलं नाही, कुणी आजारी पडलं नाही. हे चूक का? मी तोंडातला घास तसाच ठेवून म्हटलं, चूक. का, ते मात्र सांगता येईना.

मुलगी म्हणाली, "आई, दोन्ही वेळा तुझ्या पोटात तेच झालं. पेल्याच्या वेळी तुला स्वतःची लाज वाटते आणि कुत्र्याच्या वेळी तू म्हणतेस मी बरोबर आहे. हे ठरवलंस कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर सांगा.

मोडनिंबकर | सोमवार, दुपारी ३:०५

ताई, उगाच लाज वाटून घेऊ नका. किळस ही शरीरानं दिलेली सूचना आहे. आंबलेलं वरण नाकाशी नेलं की तोंड वाकडं होतं, म्हणून आपण वाचतो. लाखो वर्षांत माणसानं कमावलेली ही अक्कल आहे. ज्यांना किळस यायची नाही ते सडकं खाऊन मेले, आपण उरलेल्यांची पोरं. कचऱ्यात हात घालणाऱ्या माणसाच्या हाताला जंतू असणारच. यात जातपात काही नाही, ही स्वच्छता आहे. शरीर खोटं बोलत नाही.

कुत्र्याचंही तसंच. पोट नको म्हणतंय तर नको.

लॅबवाले_काका | सोमवार, सायंकाळी ६:३०

मोडनिंबकर, तुमचं अर्धं खरं आहे. दुसऱ्या अर्ध्यावर मी आयुष्य काढलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एकतीस वर्षं पाण्याचे नमुने तपासले. आपलं पाणी येतं उजनीतून. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं, हे जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ते शुद्ध होऊन नळाला येतं आणि आपण ते पितो, कुणाला शिसारी येत नाही. याच माणसांना उद्या विचारा, की शहराचं सांडपाणी शुद्ध करून थेट तुमच्या टाकीत सोडू का. ओकारी काढतील. मधे शंभर किलोमीटर नदी आणि धरण आलं की पोट शांत होतं.

आता रोजचं सांगतो. घरोघर जाऊन नळाचं पाणी नळीत घ्यायचं, ओटी नावाच्या रसायनाचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग किती येतो ते बघायचं. शेवटच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. रंग आला की मी खूश. आणि बाया म्हणायच्या, "साहेब, पाण्याला औषधाचा वास येतोय, पोरं पीत नाहीत, आम्ही बोअरचं भरतो." बोअरचं पाणी काचेसारखं नितळ, गार, गोड. तेच पाणी आमच्या काळी पडणाऱ्या बाटलीत भरून ठेवायचं. सोलापूरच्या हवेत ती बाटली नुसती कपाटात ठेवली तरी चालते. दुसऱ्या दिवशी शाई ओतल्यासारखी काळी. म्हणजे जवळच्या शौचखड्ड्याचं पाणी त्यात पाझरत असण्याची शंका, पुढची तपासणी करायची. ती बाटली फक्त हो किंवा नाही सांगते, किती ते सांगत नाही, आणि कधी कधी विनाकारणही काळी पडते. पण नाकापेक्षा ती पुष्कळ बरी.

तर नाक आणि पोट यांना सडलेलं कळतं. टायफॉइड कळत नाही, कॉलरा कळत नाही. त्यांना वास नसतो. उलट जिथं धोका नाही तिथं ते बोंबलतात. "शरीर खोटं बोलत नाही" असं मी म्हणणार नाही. शरीराला थोड्याच गोष्टी वाचता येतात, बाकीच्या ते अंदाजानं भरतं.

आता ताईंचा पेला. मावशींच्या हाताला घाण असेल, मान्य. हात साबणानं धुतले, पेला दोनदा घासला, उकळतं पाणी ओतलं. त्या पेल्यावर आता काय उरलं? माझ्या बाटलीला विचाराल तर काही नाही. तुमचा मुलगा गटारात पडलेला चेंडू काढून आला असता, तर तुम्ही काय केलं असतं? "हात धू" म्हणाला असता, त्यानं धुतले असते आणि विषय संपला असता. इथं धुऊनही संपला नाही. म्हणजे तुमची किळस जंतूंची नव्हती.

सुनंदा_जुळेसोलापूर | सोमवार, सायंकाळी ७:१५

काका, हे वाचून गप्प बसले थोडा वेळ. बरोबर आहे. आणि आणखी एक लक्षात आलं. मी घासत होते तेव्हा स्वतःला सांगत होते, काही रोग असेल तर. मग उकळतं पाणी ओतलं, तर मनात आलं, स्टीलच्या कडेला फट असते, तिथं साबण पोचला नसेल. मग मनात आलं, सासूबाईंना कळलं तर त्यांना वाईट वाटेल. कारणं बदलत गेली. पेला मात्र बाजूलाच राहिला.

ज्योती_नवीपेठ | सोमवार, रात्री ८:००

उकळत्या पाण्यापेक्षा चिंच आणि राख लावून घासा, उन्हात वाळवा. माझी खाणावळ आहे, रोज साठ ताटं धुते. वास राहत नाही. कुत्र्याचं काही वाचलं नाही मी, ते कसलं बाई.

जाईजुई | सोमवार, रात्री ९:४०

ज्योतीताई, पेल्याला वास नाहीये, तीच तर गंमत आहे. :)

सुनंदाताई, तुम्ही आत्ता जे लिहिलंत, की कारणं बदलत गेली आणि निकाल तोच राहिला, त्यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. मी हाच विषय शिकवते, म्हणून थोडं सांगते.

तुमच्या मुलीनं आणलेली कुत्र्याची गोष्ट जॉनथन हाइट यांच्या १९९३ च्या अभ्यासातली आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अमेरिकेत फिलाडेल्फियात आणि ब्राझीलमधल्या दोन शहरांत लोकांना सांगितली. एक निष्कर्ष मला नेहमी विचारात पाडतो. फरक देशापेक्षा थराचा जास्त निघाला. शिकलेले, सुस्थितीतले लोक दोन्ही देशांत "घाणेरडं आहे, पण त्यांचा प्रश्न" म्हणायचे. गरीब वस्तीतले लोक "चूक आहे, थांबवलं पाहिजे" म्हणायचे. पोटातली किळस दोघांनाही येत होती. तिच्यावरून निवाडा द्यायचा की नाही, इथं ते वेगळे होते.

पुढे त्यांनी अशाच गोष्टी देऊन लोकांशी वाद घातला. लोक एक कारण द्यायचे, मुलाखत घेणारा ते खोडायचा, लोक दुसरं द्यायचे. शेवटी म्हणायचे, "मला सांगता येत नाही, पण चूक आहे हे नक्की." यावरून हाइट म्हणाले की निकाल आधी लागतो आणि कारणं मागाहून वकिलासारखी जमवली जातात.

आता पेल्याचं. पॉल रोझिन म्हणून संशोधक आहेत. त्यांनी निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ सरबताच्या ग्लासात बुडवून काढलं आणि लोकांना सांगितलं, की यात एकही जंतू नाही. तरी बहुतेकांना ते सरबत नकोसं झालं. काही जणांना नवीन ग्लासातलं तसलंच सरबतसुद्धा नको वाटलं. किळस अशीच चालते. एकदा स्पर्श झाला की झाला, धुण्यानं जात नाही आणि किती लागलं याचा हिशेब नाही. जंतूंपासून वाचायला हा ढोबळ नियम चांगला आहे. पण तोच नियम माणसांना लावला की त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, विटाळ.

म्हणून माझी पहिली कसोटी काकांचीच. स्वच्छतेचं कारण दिलंत ना, मग स्वच्छता करा. केल्यावरही किळस उरली तर ते कारण तिचं नव्हतं.

मोडनिंबकर | सोमवार, रात्री १०:२०

मॅडम, पण असंही वाचलंय की खोलीत घाण वास सोडला तर माणसं जास्त कठोर निवाडे देतात, हे प्रयोगानं सिद्ध झालंय. म्हणजे आपण सगळेच नाकानं विचार करतो. मग कसोट्या लावून काय फायदा?

जाईजुई | सोमवार, रात्री १०:४५

ते प्रयोग झाले, २००८ च्या सुमारास खूप गाजले. नंतर २०१५ मध्ये लॅन्डी आणि गुडविन यांनी त्या प्रकारचे पुष्कळ प्रयोग एकत्र करून पाहिले. परिणाम अगदीच लहान निघाला. ज्यांत काही सापडलं नाही असे प्रयोग छापलेच जात नाहीत, ते गृहीत धरलं तर जवळपास शून्य. खोलीत भलताच वास आला म्हणून आपली नीती फारशी हलत नाही. समोरच्या गोष्टीचीच किळस येते तेव्हा मात्र हलते. हे दोन वेगळे आहेत.

भीमाकाठ | मंगळवार, सकाळी ७:५०

मी सगळं वाचलं. आता दुसऱ्या बाजूनं सांगतो, कारण त्या बाजूचं इथं अजून कुणी बोललं नाही.

माझी आई झाडूकामाला होती. मी आठ-नऊ वर्षांचा असताना सुट्टीत तिच्याबरोबर जायचो. तिला काही घरांत पेला मिळायचा, काही घरांत तोही नाही. ओंजळ करायची, वरून तांब्यानं धार धरायची. धार धरणारी बाई हात लांब करून, मान थोडी मागे घेऊन उभी असायची. मला पाण्याची चव आठवत नाही, ती मागे घेतलेली मान आठवते. ताई, तुमच्या पोटात काय झालं ते मावशींना दिसलं नसेल असं समजू नका. वरून प्यायला त्या स्वतःहून लागल्या ना? ते त्यांना कुणीतरी शिकवलंय.

महाडचं सांगतो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले, मागोमाग हजारो लोक प्यायले. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, बाकी सगळ्या जातिधर्मांची माणसं पाणी भरत होती. तेव्हा कुणाला शिसारी आली नाही. आमची माणसं प्यायली आणि तळं बाटलं. मग तळ्यातून एकशे आठ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घातलं आणि मंत्र म्हणत ते परत तळ्यात ओतलं. काकांची काळी बाटली त्या दिवशी असती, तर आधी आणि नंतर काय दाखवलं असतं?

आणि एक मुद्दा जाईजुई मॅडमना. तुम्ही सगळे असं बोलताय की भावना आंधळी आणि विचार डोळस. महाडात विचार करणारेच पुढे होते. शास्त्री होते, आधार काढत होते, कोर्टात गेले. तो खटला मुंबई हायकोर्टात १९३७ ला निकालात निघाला. शिकलेल्या माणसांनी दहा वर्षं त्या किळसेला युक्तिवाद पुरवले. माझ्या आईचा अपमान करणाऱ्या बायांकडे कारणं होतीच. "रीत आहे", "आमच्याकडे देव आहेत", "तिलाच बरं वाटतं". म्हणून नुसतं "नीट विचार करा" म्हटलं की मला भरवसा वाटत नाही.

जाईजुई | मंगळवार, सकाळी ९:१०

दादा, हे मान्य. मी ते सोपं करून सांगितलं. विचार वकिलाचं काम करत असेल तर तो कितीही नीट केला तरी भावनेचाच नोकर राहतो. मग प्रश्न असा होतो, की विचार वकिली करतोय की चौकशी, हे कळायचं कसं?

मला एकच खूण भरवशाची वाटते. चौकशी करणारा माणूस आधी सांगू शकतो, की काय सापडलं तर मी माझं मत बदलेन. ताईंना "रोग असेल" असं खरंच वाटत असतं, तर उकळल्यावर पेला मांडणीवर गेला असता. महाडच्या शास्त्र्यांना विचारलं असतं, की काय दाखवलं तर तळं बाटलं नाही असं मानाल, तर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

रेखा_अक्कलकोटरोड | मंगळवार, दुपारी १२:३०

मी तुमच्याइतकी शिकलेली नाही, टॉवेलच्या कारखान्यात शिवणकाम करते. पण किळसेबद्दल मला सांगायचंय.

वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं मीच केलं. पाठीला जखम झाली होती. पहिले आठ दिवस मी बाहेर जाऊन उलटी करायचे, मग आत यायचे. नवव्या दिवशी कधी गेली ती किळस, कळलंही नाही. ती ऐकली असती तर वडील तसेच पडून राहिले असते. तेव्हा मी ठरवलं, किळस ऐकायची नसते.

मग दोन वर्षांनी एका वृद्धांच्या संस्थेत मावशीला भेटायला गेले. नाव सांगत नाही. वऱ्हांड्यात पाय ठेवला आणि लघवीचा, ओल्या गादीचा वास आला. मला ओळखीचा वास तो. तिथल्या बाईंना त्याचं काहीच वाटत नव्हतं, त्या तिथंच बसून चहा पीत होत्या. मला किळस आली आणि त्या मागोमाग राग. मी मावशीची साडी वर करून पाठ बघितली. जखम होती. दोन दिवस कुणी कूस बदलली नव्हती. त्या दिवशी मी किळसेचं ऐकलं नसतं तर?

म्हणून मला कळत नाही. ऐकायची की नाही?

लॅबवाले_काका | मंगळवार, दुपारी १:१५

रेखाताई, माझ्या मते दोन्ही वेळा तुम्ही बरोबर केलंत. आणि दोन्ही वेळा तुम्ही जवळ गेलात, हे बघा. किळस माणसाला लांब सारते. तुम्ही लांब गेला नाहीत, साडी वर करून बघितलीत. वासानं सांगितलं, काहीतरी आहे. काय आहे, ते डोळ्यांनी ठरवलं.

रेखा_अक्कलकोटरोड | मंगळवार, दुपारी १:४०

आणि त्या संस्थेतल्या बाईंचं काय काका? त्यांची किळस सवयीनं गेली होती, माझी गेली तशीच. माझी गेली ते चांगलं झालं, त्यांची गेली ते वाईट.

जाईजुई | मंगळवार, दुपारी ३:००

रेखाताई, हा फार मोलाचा प्रश्न विचारलात. बरेच लोक म्हणतात, सवयीनं जी किळस जाते ती खोटी होती. तुमच्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की हे टिकत नाही. खाटकाची जाते, डॉक्टरची जाते, तशीच छळ करणाऱ्या शिपायाचीही जाते. किळस गेली एवढ्यावरून ती खरी होती की खोटी, काहीच कळत नाही.

मोडनिंबकर | मंगळवार, सायंकाळी ५:२०

मग मी एक उदाहरण देतो, यात किळस बरोबर होती असं सगळेच म्हणतील. मूत्रपिंडाची विक्री. तर्कानं बघा. विकणारा तयार, घेणारा तयार, माणूस एका मूत्रपिंडावर जगतो, एकाचा जीव वाचतो, दुसऱ्याचं कर्ज फिटतं. तर्काला यात चूक सापडत नाही. तरी आपल्याला कसंतरी होतं, आणि आपल्या देशानं १९९४ च्या कायद्यानं ती बंद केली. इथं पोट शहाणं ठरलं की नाही?

अमेरिकेत लिऑन कास नावाचे विचारवंत हेच म्हणाले. १९९७ मध्ये डॉली मेंढीची बातमी आली, तेव्हा त्यांनी लिहिलं की माणसाच्या क्लोनिंगची जी किळस येते तिच्यात शहाणपण आहे, भले ते शब्दांत मांडता येवो न येवो.

जाईजुई | मंगळवार, रात्री ९:३०

मूत्रपिंडाचं उदाहरण चांगलं काढलंत. पण त्यात पोट बरोबर ठरलं ते पोटामुळे नाही.

"कर्ज फिटतं" हे तुमच्या तर्कातलं वाक्य घ्या. ते तर्कानं ठरत नाही, जाऊन विचारावं लागतं. काही संशोधकांनी चेन्नईत मूत्रपिंड विकलेल्या ३०५ जणांना गाठून विचारलं, २००२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. शंभरातल्या शहाण्णवांनी कर्ज फेडायला विकलं होतं. विक्रीला सरासरी सहा वर्षं झाली होती, आणि त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश लोकांवर अजून कर्ज होतंच. घरचं उत्पन्न सरासरी एक तृतीयांशानं घटलं होतं. बहुतेकांनी तब्येत खालावल्याचं सांगितलं. तुमच्यासारख्या दुसऱ्याला सल्ला द्याल का, तर शंभरातले एकोणऐंशी म्हणाले, नको.

म्हणजे किळसेनं एका जागेकडे बोट दाखवलं, तिथं जाऊन बघितलं, तर खरंच माणसं भरडली जात होती. आता कारण हातात आलं, किळस काढून घेतली तरी ते उभं राहतं. उद्या विकणाऱ्यांचं खरंच भलं होईल अशी पद्धत कुणी आणली, तर मला पुन्हा विचार करावा लागेल. करणार नाही म्हटलं, तर मी वकिली करतेय.

कासचं म्हणाल तर त्यांनी सत्तरच्या दशकात टेस्ट ट्यूब बेबीवरही गंभीर आक्षेप घेतले होते. १९७८ मध्ये इंग्लंडात पहिलं बाळ जन्मलं, त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून दुर्गा जन्मली. तेव्हा जगभर लोकांना कसंतरी झालं होतं. आज आपल्या शहरात तसल्या दवाखान्यांच्या पाट्या आहेत आणि त्या मुलांकडे बघून कुणाच्या पोटात काही होत नाही. तिथं किळसेनं दाखवलेल्या जागी जाऊन बघितलं, तर कुणी भरडलं जात नव्हतं.

मोडनिंबकर | मंगळवार, रात्री १०:०५

चेन्नईचे आकडे मला माहीत नव्हते. पण मॅडम, सगळ्याच ठिकाणी जाऊन बघायला वेळ असतो का? मुलगी रात्री रिक्षात बसताना तिला काहीतरी खटकलं, तर मी तिला म्हणेन, उतर. आधी चौकशी कर म्हणणार नाही.

जाईजुई | मंगळवार, रात्री १०:२०

मीही म्हणणार नाही. तिथं चुकीचं ऐकलं तर जातं काय, एक रिक्षा. आणि त्या रिक्षावाल्याचंही एक भाडं, हे विसरू नये. पण रोज, बावीस वर्षं, ठरावीक माणसांबद्दलच खटकत असेल, तर चौकशीला वेळ नव्हता असं म्हणता येणार नाही.

सुभेदार_मंगळवेढा | बुधवार, सकाळी ६:४५

कुत्र्याकडे कुणी वळेना, म्हणून लिहितो. नोकरीत ईशान्येकडे होतो. आमच्या तुकडीत नागा पोरं होती, त्यांच्या गावाकडे कुत्रा खातात. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आठवडाभर त्यांच्या पंगतीला बसलो नाही. मग एकदा त्यांच्यातल्याच एकानं तापात मला चार दिवस सांभाळलं. नंतर मला उमगलं, मी बोकड खातो, ते कुत्रा खातात. माझ्या पोटाला जे नको वाटलं त्यावरून त्यांची माणुसकी मोजायचा मला अधिकार नव्हता.

पण त्याच पोराच्या घरी एक म्हातारा कुत्रा होता, शिकारीला जायचा. मी चेष्टेनं विचारलं, याला कधी खाणार? तो एकदम गंभीर झाला. म्हणाला, "साब, यह तो घर का है." तेव्हा ताईंना गोष्टीत जे खटकलं ते मांसाचं नसावं, असं मला वाटतं. नाव ठेवलेल्या, दारात वाट बघणाऱ्या जनावराचं आहे.

भीमाकाठ | बुधवार, सकाळी ८:१५

सुभेदारसाहेब, पटलं. पण तो कुत्रा मेलेला होता, त्याला कळणार नव्हतं. मग नातं तोडलं कुणाशी?

जाईजुई | बुधवार, सकाळी ८:५०

इथं माझ्याकडेही पक्कं उत्तर नाही. एक सांगते. असल्या गोष्टींत "कुणाला काही झालं नाही" असं लिहिलेलं असतं. रॉयझमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये बहीण-भावाच्या शरीरसंबंधाची तशीच एक गोष्ट घेऊन लोकांना खोदून विचारलं, की हे तुम्हाला खरं वाटतं का. बऱ्याच जणांना वाटतच नव्हतं. गोष्टीत काहीही लिहा, नुकसान होणारच असं ते धरून चालले होते. तेव्हा ज्यांना आपण "कारण सांगता येत नाही" म्हणून हसतो, त्यांच्याकडे कारण असतं, गोष्ट सांगणाऱ्यानं ते बाद ठरवलेलं असतं. कुत्र्याचं तसंच असेल. ज्या घरात काल पाळलेलं आज शिजतं, तिथं उद्या पोरं काय शिकतील, असं ताईंच्या पोटानं पाहिलं असेल. किंवा नुसती सवय असेल. मी दोन्हीकडे झुकते.

भीमाकाठदादांना उत्तर देता येत नाहीये मला, ते तसंच ठेवते.

सुनंदा_जुळेसोलापूर | शुक्रवार, रात्री ९:३०

दोन दिवस लिहिलं नाही, कारण आधी काही करायचं होतं.

जिन्याखालचा पेला सापडला, मीटरच्या पेटीमागे पडला होता. मी तो उचलून, घासून, आमच्या बाकीच्या पेल्यांत ठेवला. सगळे एकसारखेच आहेत, लग्नात आलेला सेट, बहुतेक सहावा. मी बावीस वर्षं पाच पेल्यांचा सेट म्हणत होते.

सासूबाईंनी बघितलं. काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस त्या तांब्यानंच पाणी प्यायल्या. आज दुपारी मी त्यांना विचारलं, "आई, काय केलं म्हणजे तो पेला तुम्हाला चालेल?" त्यांनी खरंच विचार केला. म्हणाल्या, "कल्हईवाल्याकडे दिला तर." मग स्वतःच म्हणाल्या, "स्टीलला कल्हई नसते गं." आणि आत गेल्या.

माझं स्वतःचं सांगते, खोटं नको. मी काल त्यातून पाणी प्यायले. पहिला घोट गिळताना पोटात तेच झालं. आज कोणता पेला तो, हे मला ओळखता आलं नाही. त्यामुळे आज मी त्यातून प्यायले की नाही, माहीत नाही.

भीमाकाठदादा, मावशींना आज काय म्हणावं ते सुचलं नाही. नुसता पेला भरून दिला. त्या पुन्हा वरूनच प्यायल्या. मी या वेळी "लावा तोंड" म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं का?

भीमाकाठ | शुक्रवार, रात्री १०:१०

म्हटलं नाहीत ते बरं केलंत. परवानगी दिल्यासारखं होतं. तुम्ही पण तिथंच उभं राहून एक पेला भरून घ्या आणि प्या. कसं प्यायचं ते त्या ठरवतील. लागेल थोडा वेळ. माझ्या आईला सुनेच्या हातचा चहा घ्यायलासुद्धा दोन वर्षं लागली, कप उष्टा होईल म्हणायची. आपल्याच घरात.